कॉम्प्रेसर खरेदीची मंजुरी: माझं तुलनापत्रक साहेबांच्या एका प्रश्नात आडवं झालं

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याच्या कंट्रोल पॅनेल पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात मी मेंटेनन्स पाहते. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्ड करायचा आणि शेवटी पावडर कोटिंग. हवेची लाइन सगळीकडे फिरलेली आहे. कॉम्प्रेसर एकच, ३७ किलोवॉटचा स्क्रू, २०१२ सालचा. गेल्या उन्हाळ्यात तो गरम होऊन ११ वेळा बंद पडला. त्याचा एअर एंड, म्हणजे हवा दाबणारा मुख्य भाग, उघडायची वेळही झाली आहे, सर्व्हिसवाल्याने त्याचं २ लाख ९० हजारांचं कोटेशन दिलंय.

म्हणून मी नवीन ३७ किलोवॉटचा व्हीएफडी कॉम्प्रेसर, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा, घेण्याचा प्रस्ताव केला. किंमत ११ लाख ८० हजार, जीएसटी वेगळा. सध्याची वर्षाची वीज १ लाख ५७ हजार युनिट काढली, कंपनीच्या माहितीपत्रकातली ३५ टक्के बचत धरली, ९ रुपये युनिटने वर्षाला जवळपास ५ लाख वाचतात. म्हणजे अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल. एक्सेलमध्ये छान रंगीत तक्ता केला होता.

साहेबांनी कागद दोन मिनिटं पाहिला, ३५ च्या आकड्याभोवती पेनानं गोल केला आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मोजले की त्यानं सांगितले?" मी गप्प. मग दुसरा प्रश्न, "आणि काहीच नाही घेतलं तर काय होते, ते कुठं लिहिलं?" कागद परत.

१ लाखापर्यंतचा खर्च साहेब स्वतः मंजूर करतात, त्यावरचा मुंबई ऑफिसला जातो. त्यामुळे ते सही करताना दहादा विचार करतात हे मला कळतं. पण आता या कागदाचं काय करू?

मिहानचा बेंचवरचा
ताई, आमच्याकडे पोर्टलवर रिक्वेस्ट टाकली की दोन दिवसांत मंजूर होते, मॅनेजर वाचतही नाही. मागच्या महिन्यात दुसरा मॉनिटर असाच घेतला. आणि एसीचा कॉम्प्रेसर १०-१२ वर्षं जुना असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, सरळ फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घ्या. आमच्या घरचं बिल खरंच कमी झालं.

वऱ्हाडी ठेचा
अबे भाऊ, हवेचा कॉम्प्रेसर हाय तो! ११ लाखाचा एसी कोण बसवून राहिला हिंगण्यात?

मिहानचा बेंचवरचा
सॉरी सॉरी. घाईत वाचलं. पाहून राहिलो, शिकून घेतो.

परचेस_पुणे
मी खरेदी विभागात १४ वर्षं आहे. तुमच्या कागदात दोन गोष्टी नाहीत. पहिली, तीन कोटेशनं. एकाच कंपनीचं पत्रक लावलं की कोणालाही वाटतं की आधीच ठरवून ठेवलंय. तीन घ्या, सगळ्यात कमीवाला दाखवा, साहेबांना नाही म्हणायला जागा राहणार नाही. दुसरी गोष्ट, उत्पादनाचं नुकसान. ११ वेळा बंद पडला, तर किती तास गेले? तेवढ्या तासांची विक्री रुपयांत लिहा. तो आकडा एवढा मोठा निघतो की विजेच्या बचतीची गरजच पडत नाही.

तात्या बुटीबोरी
मी ऊर्जा ऑडिटची कामं करत होतो, आता निवृत्त. पुण्याचे भाऊ कोटेशनांबद्दल बरोबर बोलले, विक्रीबद्दल नाही. त्यावर नंतर येतो.

ताई, आधी मला चार गोष्टी सांगा. कंट्रोलरवर दोन मीटर असतात, एकूण चाललेले तास आणि लोडवर चाललेले तास, त्यांचे वर्षाचे आकडे काय? लोडवर आणि अनलोडवर वीज तुम्ही कशानं मोजली? कारखाना बंद असताना गळतीची चाचणी कधी घेतली होती का? आणि कॉम्प्रेसरच्या खोलीतली गरम हवा कुठं जाते?

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
तात्या, दोन पाळ्या आहेत, वर्षाला ४८०० तास. त्यातले लोडवर २८८०, म्हणजे ६० टक्के. बाकीचे १९२० तास तो अनलोडवर नुसता फिरतो. वीज टाँग टेस्टरनं मोजली. लोडवर ६६ अँपिअर, अनलोडवर ३३. पॉवर फॅक्टर ०.८७ धरून लोडवर ४१ किलोवॉट आणि अनलोडवर साडेवीस येतात. गळतीची चाचणी घेतलेली नाही. गरम हवा खोलीतच सुटते, वर एक एक्झॉस्ट फॅन आहे.

तात्या बुटीबोरी
तुमच्या साहेबांना तो ३५ खटकला, पण खरी चूक त्याच्या आधीच झाली आहे. अनलोडवर मोटर जवळजवळ रिकामी फिरते, तेव्हा तिचा पॉवर फॅक्टर पडतो. अँपिअर निम्मे दिसतात, किलोवॉट निम्मे नसतात. ०.८७ दोन्हीकडे लावलात म्हणून अनलोडची वीज फुगली. अशा स्क्रू मशिनची अनलोडवरची वीज साधारण पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश असते. किलोवॉट दाखवणारा मीटर लावून पाहा, १३ च्या आसपास दिसेल.

आता १३ धरून पुन्हा मांडू. लोडवर २८८० तास गुणिले ४१, म्हणजे १ लाख १८ हजार युनिट. अनलोडवर १९२० गुणिले १३, म्हणजे २५ हजार. एकूण १ लाख ४३ हजार. तुमच्या १ लाख ५७ हजारांतले १४ हजार युनिट नव्हतेच.

आणि व्हीएफडी नेमकं काय वाचवतो? तो नुसतं फिरणं वाचवतो. म्हणजे त्या २५ हजार युनिटांवरच त्याचा डल्ला. सगळेच्या सगळे वाचले असं धरलं तरी ९ रुपयांनी सव्वादोन लाख. त्यात दाब थोडा खाली ठेवता येतो त्याचे तीनचार टक्के मिळवा, नवीन मशीन जरा काटकसरी असेल त्याचं थोडं मिळवा. ५ लाख कुठूनच होत नाहीत. ३५ टक्के वाचणारे कारखाने असतात, पण तिथं मशीन निम्म्याहून जास्त वेळ रिकामं फिरत असतं. तुमचं ४० टक्के फिरतं.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
म्हणजे ११ लाख ८० हजार भागिले सव्वादोन, पाच वर्षांहून जास्त. हा कागद साहेबांनी परत केला ते बरंच झालं म्हणायचं.

वऱ्हाडी ठेचा
साहेब हुशार निघाले ना बाप्पा. आमचे असते तर सही करून मग वर्षभर तुमालेच इचारलं असतं, बचत कुठं गेली?

परचेस_पुणे
तात्या, ठीक आहे, वीज नाही तर नुकसान दाखवा. म्हणून तर म्हटलं, विक्री लिहा.

वर्कशॉपच्या खुर्चीतून
मी स्वतः अशा कागदांवर सही करतो (बुटीबोरीतच, दुसरा धंदा), म्हणून सांगतो. कोणी बंद तासांची विक्री लिहून आणली की मी पहिलं विचारतो, तो माल नंतर गेला का? बहुतेक वेळा गेलेला असतो, शनिवारी ओव्हरटाइम करून. मग नुकसान ओव्हरटाइमच्या पैशाएवढं, विक्रीएवढं नाही. जो माल खरंच गेला नाही, त्याच्यावर सुद्धा पत्रा आणि पावडर खर्च झाली नाही, म्हणून त्यातून कच्चा माल वजा करून उरेल तेवढंच. फुगवलेला एक आकडा सापडला की मी बाकीचा कागदही त्याच नजरेनं वाचतो. ताईंच्या साहेबांनी ३५ ला गोल केला, त्याचं कारण तेच असणार.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
बंद पडण्याची नोंद काढली. ११ वेळा मिळून १४ तास. माल सगळा गेला, दोन शनिवार जादा काम करून. मजुरी ३८ हजार रुपये. एक पार्टी मात्र ओरडली होती, ते रुपयांत कसं लिहू?

वर्कशॉपच्या खुर्चीतून
लिहू नका. "अमुक तारखेची ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली, ग्राहकाचा मेल सोबत" एवढं एक वाक्य पुरे. मेल जोडा.

तात्या बुटीबोरी
आता खोलीचं. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. बहुतेक कॉम्प्रेसर ४५-४६ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवतात, काही स्वस्त मॉडेलं ४० पर्यंतच. तुमची गरम हवा खोलीतच फिरते आणि मशीन तीच परत ओढतं. एक थर्मामीटर कॉम्प्रेसरच्या हवा ओढण्याच्या जाळीजवळ लटकवा, दुसरा बाहेर सावलीत. दोघांत ५ अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष खोलीचा आहे. तिथं १२ लाखाचं मशीन बसवा, तेही मे महिन्यात बंद पडेल, आणि मग साहेब तुम्हाला ओळखही दाखवणार नाहीत.

आणि येत्या रविवारी गळतीची चाचणी घ्या. सगळ्या मशिनी बंद, हवेची लाइन चालू. कॉम्प्रेसर सुरू करून स्टॉपवॉच घ्या. किती सेकंद लोडवर राहतो, किती सेकंद अनलोडवर, अशा दहा फेऱ्या लिहून सरासरी काढा. लोडचे सेकंद भागिले दोन्हींची बेरीज, मशीनच्या क्षमतेच्या तेवढे टक्के हवा नुसती गळतीत जाते.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
(आठवड्यानंतर)
तात्या, तुम्हाला साष्टांग. रविवारी दुपारी एकटीच होते शेडमध्ये, सगळं बंद, आणि तरी फुस्स-फुस्स इतके आवाज, की पावसाळ्यात बेडकं बोलावी तसे. सरासरी लोड ५० सेकंद, अनलोड १५० सेकंद. म्हणजे पंचवीस टक्के!

साबणाचं पाणी घेऊन फिरले. सगळ्यात मोठी गळती पावडर बूथच्या धूळ गोळा करणाऱ्या फिल्टरवर होती. तिथल्या झटका देणाऱ्या सहा व्हॉल्व्हपैकी दोनांचे रबरी पडदे फाटलेले, हवा सतत सुटत होती. रिसीव्हरखालचा पाणी काढणारा ऑटो ड्रेन उघडाच अडकलेला. बाकी वेल्डिंग विभागातले क्विक कपलर, जवळपास सगळे. मीटर पण लावला, अनलोडवर १३.२ किलोवॉट. आणि तापमान, दुपारी अडीच वाजता बाहेर ४१, जाळीजवळ ५०.

तात्या बुटीबोरी
९ अंश. झालं, त्या ११ ट्रिपांचं उत्तर मिळालं. वरच्या गरम हवेच्या तोंडावर पत्र्याची डक्ट लावून ती भिंतीबाहेर काढा. पत्रा तर घरचाच आहे तुमच्याकडे.

गळती दुरुस्तीला किती लागतील?

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
पडदे, ड्रेन, कपलर, थोडी होज, धरून ४८ हजार. डक्ट ३० हजारांत होईल. दोन्ही मिळून १ लाखाच्या आत, साहेबांच्याच सहीत बसतं.

परचेस_पुणे
पण मग तुम्ही स्वतःच्याच प्रस्तावाचं वजन कमी करताय. गळती बंद केली, ट्रिप बंद झाले, तर नवीन कॉम्प्रेसर कोण देणार? आधी खरेदी मंजूर करून घ्या, मग गळती बघा. हे व्यवहाराचं बोलतोय, राग मानू नका.

वर्कशॉपच्या खुर्चीतून
भाऊ, हे जर माझ्या लक्षात आलं तर त्या माणसाचा पुढचा कागद मी वाचणारही नाही.

तात्या बुटीबोरी
आणि हिशोबानं सुद्धा ते उलटं आहे, ते पाहा. २५ टक्के गळती ११ पर्यंत आली असं धरू, शून्य कधीच होत नाही. तर लोड ६० टक्क्यांवरून ४६ वर येईल. आता जुन्या मशीनवर लोडचे २२०८ तास गुणिले ४१ आणि अनलोडचे २५९२ गुणिले १३, एकूण १ लाख २४ हजार युनिट. आधी १ लाख ४३ हजार होते. १९ हजार युनिट, म्हणजे वर्षाला १ लाख ६९ हजार रुपये वाचले, ४८ हजारांत. साडेतीन महिन्यांत वसूल.

आता गंमत. गळती गेली की जुनं मशीन जास्त वेळ रिकामं फिरायला लागतं, म्हणून व्हीएफडीला वाचवायला जास्त मिळतं, कमी नाही. शिवाय हवाच कमी लागते, तर ३७ किलोवॉटची गरज काय? तुमचं मशीन मिनिटाला ६.२ घनमीटर हवा देतं. त्याचे ४६ टक्के म्हणजे २.८५. ३० किलोवॉटचा व्हीएफडी सुमारे ५ देतो. मशीन लहान, किंमत लहान. पण सरासरीवर जाऊ नका. सगळ्यात गर्दीच्या तासाला किती लागते ते मोजा.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
सकाळी साडेनऊ ते अकरा सगळ्यात जास्त, तेव्हा दोन्ही बूथ चालू असतात. गळती काढल्यानंतर आठवडाभर पाहीन.

खातेवही धंतोली
मी अकाउंट्समधली, कॉम्प्रेसरातलं काही कळत नाही. पण तुमच्या तक्त्यावर दोन गोष्टी बोलते.

विजेचा दर ९ रुपये कसा काढला? बिलाची रक्कम भागिले युनिट केलं असेल तर तो चुकतो. बिलात डिमांड चार्ज असतो, तो युनिट कमी झाले म्हणून कमी होत नाही. फक्त युनिटमागे लागणारे आकार आणि त्यावरची ड्युटी धरा.

दुसरं, जीएसटी. तुम्हाला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून तुलना जीएसटीशिवायच करा, तुम्ही केलीत ते बरोबर. पण मुंबई ऑफिसला रोख किती जाईल तेही एका ओळीत लिहा, कारण पैसे आधी द्यावे लागतात, क्रेडिट नंतर. आणि क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर घसारा धरता येत नाही, कोणी दोन्ही धरू नये.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
ताई, भागाकारानं १०.६० येत होते, मी डिमांड चार्ज काढूनच ९ धरले. हे एक तरी बरोबर निघालं.

(पाच आठवड्यांनंतर)
साहेबांनी ७८ हजार लगेच दिले. त्यांनी फक्त विचारलं, "हे आधी का नाही सुचलं?" उत्तर नव्हतं. डक्ट लागली, जाळीजवळचं तापमान आता बाहेरपेक्षा ३ अंशच जास्त. गळतीची चाचणी पुन्हा घेतली, लोड २० सेकंद, अनलोड १६० सेकंद. ११ टक्के. तात्यांचा अंदाज जसाच्या तसा. गर्दीच्या तासाला कॉम्प्रेसर ७४ टक्के लोडवर असतो, म्हणजे साधारण ४.६ घनमीटर.

तीन कोटेशनं मागवली, सगळी ३० किलोवॉट व्हीएफडीची. अ ने ७ लाख ४० हजार दिले, ब ने ८ लाख ६० हजार, क ने ९ लाख ३० हजार. पहिल्या नजरेत अ.

परचेस_पुणे
मग अ च. सगळ्यात कमी.

तात्या बुटीबोरी
थांबा. ड्रायर आहे का आत? पावडर कोटिंगला कोरडी हवा लागते. वाहतूक, बसवणं कोणाच्या खिशातून? सर्व्हिस किटचं काय? आणि वीज कोणत्या दाबाला लिहिली आहे, फक्त मोटरची की पूर्ण पॅकेजची?

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
सगळं विचारून घेतलं. अ मध्ये ड्रायर नाही, १ लाख १० हजार वेगळे. वाहतूक आणि बसवणं ३५ हजार. म्हणजे ८ लाख ८५ हजार. ब मध्ये सगळं आत आहे. क मध्येही आत, आणि एअर एंडची ५ वर्षांची हमी. ४००० तासांचं सर्व्हिस किट अ चं ६२ हजार, ब चं ४८ हजार. वर्षाला ४८०० तास धरले तर ५ वर्षांत सहा किटं लागतात, तिथंच ८४ हजारांचा फरक. आणि अ च्या पत्रकात हवेचं कमाल तापमान ४० अंश लिहिलंय, ब आणि क चं ४६.

वऱ्हाडी ठेचा
४० अंश! तो तर आमच्या इकडं मार्चातच होते ना भाऊ.

परचेस_पुणे
बरं, मान्य. पण सगळ्यात कमीवाल्याला का नाही घेतलं याचं कारण लेखी ठेवा, नाहीतर ऑडिटला ताप.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
हा नवीन कागद. एक पान, रंग नाहीत. बघा आणि चुका काढा.

"विषय: ३० किलोवॉट व्हीएफडी कॉम्प्रेसर, ब पुरवठादार, ८ लाख ६० हजार (जीएसटी वगळून, रोख १० लाख १५ हजार, पैकी जीएसटीचं क्रेडिट नंतर मिळेल).
काहीच न केल्यास: जुनं मशीन चालेल. वर्षाला १ लाख २४ हजार युनिट. एअर एंडची दुरुस्ती २ लाख ९० हजार, सर्व्हिसवाल्याचा अहवाल सोबत. दुसरं मशीन नसल्याने बिघाड झाला तर पूर्ण कारखाना थांबतो.
घेतल्यास: गळती काढल्यानंतर मोजलेल्या हवेच्या गरजेवर सरासरी २० किलोवॉट, पुरवठादाराने लेखी मान्य केलेले. वर्षाला ९६ हजार युनिट. बचत २८ हजार युनिट, २ लाख ५४ हजार रुपये.
परतफेड: ३ वर्षं ५ महिने. जुन्याची दुरुस्ती टाळली असं धरल्यास २ वर्षं ३ महिने.
जुनं मशीन राखीव राहील.
अ पुरवठादार का नाही: ड्रायर व बसवणी धरून महाग पडतो, आणि कमाल तापमान ४० अंश.
जे धरलेलं नाही: विक्रीचं नुकसान. एका ऑर्डरला उशीर झाला होता, मेल सोबत."

वर्कशॉपच्या खुर्चीतून
असा कागद आला तर मी पाच मिनिटांत वाचतो. एकच हरकत. ती दोन वर्षं तीन महिन्यांची ओळ. जुनं मशीन राखीव ठेवणार म्हणता, आणि त्याची दुरुस्ती टाळली असंही म्हणता. राखीव मशीन चालत नसेल तर ते राखीव कसलं?

तात्या बुटीबोरी
वर्षाला शंभर-दोनशे तास चालणाऱ्या मशीनला दुरुस्ती आत्ताच लागत नाही, पुढं ढकलता येते. पण साहेब, तुमचंही खरं आहे, "टाळली" हा शब्द जास्त झाला. "पुढे ढकलली" लिहा, आणि ३ वर्षं ५ महिने हाच आकडा वर ठेवा.

मला वेगळीच काळजी आहे. गर्दीच्या तासाला ४.६ लागतात, मशीन देतं ५.१. तिसरा बूथ आला तर?

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
तिसरा बूथ पुढच्या वर्षी येईल असं ऐकून आहे, कागदावर कुठेच नाही. तेव्हा दाब पडला की जुनं आपोआप सुरू होईल अशी सेटिंग करता येते. की आत्ताच ३७ मागू?

तात्या बुटीबोरी
माझं मत ३०. कागदावर नसलेल्या बूथसाठी मशीन मोठं घेऊ नये.

वर्कशॉपच्या खुर्चीतून
मी ३७ घेतलं असतं. दोन वर्षांनी पुन्हा मुंबईला कागद पाठवायचा कंटाळा येतो. पण ते माझं झालं, हिशोबाचं नाही.

खातेवही धंतोली
आणि मशीन सुरू कधी होणार ते लिहा. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला मशीन चालू झालेलं हवं, आणि पुरवठादार १०-१२ आठवडे सांगत असेल तर ऑर्डर त्याच्या तेवढी आधी निघायला हवी. मुंबईवाले हाच प्रश्न विचारतात.

हिंगण्याची मेंटेनन्सवाली
ब ने १० आठवडे लिहून दिलेत. तारखेची ओळ वाढवली, "टाळली" काढून "पुढे ढकलली" केलं. काल साहेबांनी सही केली, कागद मुंबईला गेला. जाताना म्हणाले, "ह्या वेळी गोल करायला काही सापडलं नाही." मुंबईचं उत्तर यायचंय.

मिहानचा बेंचवरचा
ताई, मुंबईनं हो म्हटलं तर कळवा. आणि मला त्या मॉनिटरचं एकदम वाईट वाटून राहिलं, तो मी कोणालाच विचारून घेतला नव्हता.

वऱ्हाडी ठेचा
तुमच्या घरच्या एसीचं बिल मोजलं की कंपनीनं सांगितलं?